वसुलीआधी खाते-उतारा : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांस,



आपल्या वार्षिक अहवालात एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापले जाते : 'थकबाकीदार सभासदांवर कायदेशीर कारवाई सुरू आहे.' शेजारचा थकबाकीचा आकडा मात्र दर वर्षी वाढलेला असतो. कारवाई सुरू असते म्हणजे एक नोटीस गेलेली असते, एका वकिलाला फोन झालेला असतो आणि फाइल पुढच्या समितीच्या स्वाधीन करायची तयारी झालेली असते. मधल्या काळात संबंधितांचे नाव सूचनाफलकावर लागते, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टोमणे सुरू होतात, वॉचमनला 'त्यांचे पार्सल घेऊ नकोस' असे सांगितले जाते. पैसे काही येत नाहीत. येते ती तक्रार, कधी पोलीस ठाण्यात, कधी उपनिबंधकांकडे, आणि मग समितीचा वेळ वसुलीऐवजी खुलासे लिहिण्यात जातो. नियमित बिल भरणाऱ्या सभासदांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे, कारण थकवणाऱ्याचा भार शेवटी आमच्याच बिलावर पडतो. म्हणणे एवढेच आहे : बहुतेक थकबाकी वाटाघाटीने वसूल होऊ शकते, आणि ती होत नाही याचे पहिले कारण थकबाकीदाराचा हेकटपणा नसून आपण त्याच्यापुढे ठेवलेला हिशेब असतो.

कायद्याकडे दात नाहीत, असे मी म्हणत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातले कलम 154 बी-29 थकबाकीच्या वसुलीसाठीच आहे. त्याआधी हे काम कलम 101 खाली चालत असे. संस्थेने खाते-उतारा, शुल्क ठरवणारे ठराव आणि बजावलेल्या नोटिसा जोडून उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, उपनिबंधक सभासदाचे म्हणणे ऐकून चौकशी करतात आणि समाधान झाले तर वसुली दाखला देतात. त्या दाखल्यावर वसुली अधिकारी कलम 156 आणि नियम 107 प्रमाणे जंगम मालमत्तेची, शेवटी सदनिकेचीही जप्ती आणि लिलाव करू शकतो. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर सभासदाला दाखल्यातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. एवढे हत्यार हातात असताना तडजोडीची भाषा कशाला, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. पण हा सगळा डोलारा एका कागदावर उभा आहे, आणि तो कागद म्हणजे खाते-उतारा. उताऱ्यात चूक असेल तर उपनिबंधकांपुढे पहिल्याच तारखेला आक्षेप येतो, तारखा पडत जातात, आणि ज्या सभासदाकडे बाकी निर्विवाद होती त्यालाही 'हिशेबच चुकीचा आहे' असे छातीठोकपणे म्हणायची सोय आपणच करून देतो.

ही चूक नेमकी कुठे असते ते एका हिशेबातून दाखवतो. समजा, एका चाळीस सदनिकांच्या संस्थेत महिन्याचे बिल 3,500 रुपये आहे आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदाने सलग 24 महिने ते भरलेले नाही. मुद्दल झाले 84,000. आदर्श उपविधींप्रमाणे थकीत रकमेवर सरळ व्याज लागते; दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा आणि तो दरसाल 21 टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. आपल्या नोंदणीकृत उपविधींत याहून कमी मर्यादा असेल तर तीच धरायची. 21 टक्के धरले तरी 3,500 रुपयांच्या एका बिलावर महिन्याला 61 रुपये 25 पैसे व्याज होते. पहिले बिल 23 महिने उशिराचे, दुसरे 22 महिन्यांचे, शेवटचे नुकतेच देय झालेले. असे सगळे महिने मिळवले की 276 होतात, आणि व्याज निघते 16,905 रुपये. आता बिलाच्या छापील नमुन्याकडे पाहा. 'मागील बाकी' नावाची एकच ओळ असते. त्या ओळीत मुद्दल आणि व्याज एकत्र गेलेले असते आणि पुढच्या महिन्याचे व्याज त्या सगळ्या रकमेवर लागते. म्हणजे आपण चक्रवाढ लावत असतो, बहुधा नकळत. त्याच 24 महिन्यांचे व्याज मग सुमारे 19,290 होते. फरक अडीच हजारांच्या आतला, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण हीच थकबाकी पाच वर्षे चालली तर सरळ व्याज 1,08,400 च्या आसपास राहते आणि चक्रवाढ 1,56,000 च्या पुढे जाते. जवळजवळ 48 हजार रुपये असे, की जे मागायचा अधिकार उपविधींनी संस्थेला दिलेलाच नाही. थकबाकीदाराच्या ओळखीत एखादा हिशेबनीस निघाला की हे त्याच्या लक्षात येते, आणि मग तो पाच वर्षांच्या 2,10,000 रुपयांच्या मुद्दलाविषयी बोलायचे सोडून या 48 हजारांविषयीच बोलत राहतो.

म्हणून पहिली विनंती अशी, की नोटीस पाठवण्यापूर्वी खाते-उतारा नव्याने लिहा, आणि तो तीन रकान्यांत लिहा : मुद्दल, सरळ व्याज आणि वादातील रकमा. वादातील रकमा म्हणजे दंड, चौकशी न करता लावलेले पार्किंगचे जादा शुल्क, भाड्याने दिलेल्या घरावरचे बिनभोगवटा शुल्क वगैरे. यातले शेवटचे तर हमखास चुकते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाने ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुरते मर्यादित केले आहे आणि ती टक्केवारी पालिकेचा कर वगळून काढायची आहे. तरीही पूर्ण बिलावर, किंवा मनाला येईल त्या ठोक रकमेने, ते आकारणाऱ्या संस्था कमी नाहीत. तिसऱ्या रकान्यातली रक्कम सोडून द्या, असे मी म्हणत नाही. ती वेगळी दिसू द्या. ज्या रकमेवर भांडण नाही ती भांडणाच्या रकमेपासून सुटी झाली, की समोरच्याकडे न भरण्याचे कारण उरत नाही.

आता त्या वरच्या मजल्यावरच्या सभासदाकडे वळू. त्याने बिल का थांबवले? अशा प्रकरणांत वारंवार येणारे कारण म्हणजे गच्चीची गळती. पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल येते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, पंख्याच्या हुकाभोवती पिवळा डाग पसरतो. तो सभासद पत्र देतो, समिती 'पावसाळ्यानंतर बघू' म्हणते, पावसाळ्यानंतर निधी नसतो. दोन वर्षे हे घोंगडे भिजत पडले की तो स्वखर्चाने छत दुरुस्त करतो आणि बिल भरायचे बंद करतो. इथे उपविधी त्याच्या बाजूने आहेत, हे समित्यांनी स्पष्टपणे मान्य करायला हवे. गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचे झालेले नुकसान दुरुस्त करणे हा संस्थेचा खर्च आहे. घरातल्या न्हाणीघराची, सिंकची, संडासाची गळती ही ज्याची त्याने पाहायची. त्यामुळे पाणी कुठून येते हे ठरवणे हा वादाचा गाभा असतो, आणि ते ठरवता येते. गच्चीवर पाणी साठवून ठेवायचे आणि खालच्या छताची ओल वाढते का ते पाहायचे, हा साधा मार्ग प्रत्येक वॉटरप्रूफिंगवाल्याला ठाऊक असतो. ओल फक्त पावसात येते की बाराही महिने असते, यावरूनही बराच उलगडा होतो. बाराही महिने असेल तर संशय पाइपावर किंवा पाण्याच्या टाकीवर जातो. ही तपासणी कुणीतरी केली पाहिजे, एवढेच.

पण थकवणाऱ्या सभासदालाही इथे दोन शब्द सुनावले पाहिजेत, आणि ते समितीनेच शांतपणे, लेखी सुनावावेत. गळतीचा राग बिलावर काढणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे. त्याच्या 3,500 रुपयांत पालिकेचा कर आहे, पाणीपट्टी आहे, लिफ्टची वीज, वॉचमनचा पगार, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी आहे. तो भरत नाही म्हणून पालिका संस्थेचे बिल कमी करत नाही. उरलेल्या एकोणचाळीस घरांनी ते सोसायचे असते, आणि ज्या निधीतून त्याच्या डोक्यावरची गच्ची दुरुस्त व्हायची तोच आटतो. सेवा मिळाली नाही म्हणून स्वतःच न्यायाधीश होऊन पैसे अडवायची मुभा उपविधी देत नाहीत. त्याला खुला असलेला रस्ता वेगळा आहे : 'हक्क राखून, निषेध नोंदवून भरणा करीत आहे' असे लिहून बिल भरायचे आणि दुरुस्तीसाठी संस्थेकडे, मग निबंधकांकडे, गरज पडली तर कलम 91 खाली सहकार न्यायालयात जायचे. असा सभासद न्यायालयापुढे स्वच्छ हाताने उभा राहतो. थकबाकीदार म्हणून उभा राहिला, की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. शिवाय तीन महिन्यांपलीकडे बाकी ठेवणारा कायद्याच्या व्याख्येत थकबाकीदार ठरतो आणि समितीवर बसायला अपात्र होतो. म्हणजे ज्या समितीवर त्याचा राग आहे ती बदलायचा सरळ मार्गही त्याने स्वतःच बंद केलेला असतो.

मग बोलणी कशी करायची? सचिवाच्या घरी, रात्री जेवणानंतर, पाच समिती सदस्य एकीकडे आणि तो एकटा दुसरीकडे, अशी तर नक्कीच नाही. समितीतले दोघे, त्याच्याकडून तो आणि त्याच्या विश्वासातले एखादे माणूस, आणि समितीत नसलेला, दोघांनाही चालणारा एक मध्यस्थ एवढे पुरेत. बहुतेक इमारतींत एखादा निवृत्त बँकवाला किंवा लेखापाल असतोच. नसला तर जिल्हा गृहनिर्माण फेडरेशनकडे विचारता येते. पहिल्या बैठकीचा विषय एकच ठेवा : तीन रकान्यांचा उतारा. त्या बैठकीत पैसे मागू नका. उताऱ्याची प्रत आठ दिवस आधी द्या, कोणत्या नोंदी मान्य आणि कोणत्या अमान्य ते त्याला लिहून आणायला सांगा आणि बैठकीच्या शेवटी मान्य रकमेवर दोघांच्या सह्या घ्या. बिलाचे घटक कसे ठरतात हे त्याच वेळी समजावून सांगा, कारण पुष्कळ गैरसमज तिथलेच असतात. तळमजल्यावरच्यालाही लिफ्टचा वाटा सारखाच येतो, सेवाशुल्क घराच्या आकारावर नसून प्रत्येक घराला समान असते, पाणी मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर पडते, या गोष्टी उपविधीत लिहिलेल्या असतात. पण उपविधीची प्रत फारच थोड्या घरांत सापडते.

दुसऱ्या बैठकीत देण्याघेण्याचे बोला. आपल्या उदाहरणात मुद्दल 84,000 आहे. ते 7,000 च्या बारा हप्त्यांत बसवले आणि चालू बिल 3,500 वेगळे धरले, तर त्याला महिन्याला 10,500 भरावे लागतील. चालू बिल थकले तर हप्त्याला अर्थ राहत नाही, म्हणून दोन्ही एकाच दिवशी भरायची अट असू द्या. व्याजाच्या 16,905 चे काय? इथे समित्या दोन टोकांना जातात. एक तर 'एक पैसा सोडणार नाही', नाहीतर वसुलीच्या घाईत 'व्याज माफ'. दोन्ही चुकीचे. मुद्दल माफ करण्याचा प्रश्नच येत नाही. व्याजात सूट द्यायची तर तो निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे, समितीने परस्पर दिलेली सूट लेखापरीक्षणात अडकते. समजा, सभेने ठरवले की ठरल्या तारखांना सर्व हप्ते भरणाऱ्याला व्याज 21 ऐवजी 9 टक्क्यांनी लावायचे. तर व्याज होते 7,245 रुपये, आणि तो तेराव्या महिन्याचा हप्ता. हप्ते चालू असताना उरलेल्या मुद्दलावर नवे व्याज लावायचे नाही, असेही धरू. तेरा महिन्यांत संस्थेकडे 91,245 रुपये येतात. संस्थेने काय सोडले तेही लपवू नका : जुन्या व्याजातले 9,660, आणि हप्त्यांच्या काळात 21 टक्क्यांनी झाले असते ते सुमारे 9,555. एकूण 19 हजारांच्या थोडे वर. सभेपुढे हा आकडा ठेवा आणि शेजारी वकिलाची फी, दाखल्यासाठीचे शुल्क आणि प्रकरण चालेल तेवढ्या काळाचा खोळंबा ठेवा. सभा स्वतः ठरवील.

करारात एक ओळ अशी हवी की जिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही : आलेला पैसा आधी मुद्दलात जमा होईल. असे काही ठरलेले नसेल, तर रक्कम आधी व्याजात वळती करण्याचा सर्वसाधारण संकेत आहे आणि आपले खजिनदारही तसेच करतात. त्याचा परिणाम असा, की एखाद्याने हिंमत करून 15,000 भरले तर पुढच्या बिलात मुद्दल तसूभरही हललेले नसते. भरून उपयोग काय, असे त्याला वाटते आणि दुसरा हप्ता येतच नाही. मुद्दल दर महिन्याला 7,000 ने उतरताना त्याला बिलावर दिसले पाहिजे.

गळतीच्या दुरुस्तीचा खर्च या हिशेबात मिसळू नका, हेही आग्रहाने सांगतो. समजा, त्याने छताच्या गिलाव्यावर आणि रंगावर 22,000 खर्च केले आहेत आणि तपासणीत पाणी गच्चीतूनच येत होते असे ठरले. मोह होतो की 84 हजारांतून 22 हजार वजा करून मोकळे व्हावे. पण मग बिलाच्या खात्यात दुरुस्तीची नोंद जाते, कोणत्या महिन्याचे बिल भरले आणि कोणत्या महिन्याचे वळते झाले ते कळेनासे होते, आणि उद्या करार मोडला तर उपनिबंधकांपुढे ठेवायला स्वच्छ उतारा उरत नाही. त्याऐवजी त्याची खर्चाची बिले घ्या, वाजवी आहेत का ते पाहा, गच्ची दुरुस्तीचा ठराव करून तारीख ठरवा आणि मंजूर रक्कम त्याला वेगळ्या चेकने द्या. त्याने त्याच दिवशी तीच रक्कम बाकीत भरली तर उत्तमच. पण नोंदी दोन असू द्या. गच्ची दुरुस्तीची तारीख करारात लिहिलेली असावी आणि समितीने ती पाळावी. संस्थेने आपला शब्द मोडायचा आणि सभासदाने पाळायचा, असा करार तिसऱ्या महिन्यात मोडतो.

करार मोडला तर काय, हे आधीच लिहिलेले असावे. एक हप्ता चुकला तर पंधरा दिवसांची मुदत; दुसरा चुकला तर व्याजाची सूट रद्द, भरलेले पैसे मुद्दलात तसेच जमा, आणि महिन्याच्या आत उपनिबंधकांकडे अर्ज. हे धमकीच्या सुरात लिहायची गरज नाही, दोन ओळींत साधेपणाने लिहा. सभासदाच्या बाजूनेही एक कलम घाला, की या करारामुळे वादातील रकमांविषयीचा त्याचा हक्क जात नाही. पुष्कळ जण सही करायला कचरतात ते याच भीतीने.

आता आपल्याकडून येणाऱ्या आक्षेपांकडे. सगळ्यात वजनदार आक्षेप आमच्यासारख्या वेळेवर भरणाऱ्यांचाच आहे : प्रामाणिकपणे भरणाऱ्याला काय मिळाले, आणि थकवणाऱ्याला सूट का? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच सूट एका माणसाला देऊ नका. सर्वसाधारण सभेत ठराव करताना त्यात नाव नको, नियम हवा : अमुक तारखेपूर्वीच्या सर्व थकबाकीदारांना, एकदाच, या अटींवर सूट. जो अध्यक्षांचा मित्र आहे त्यालाही तीच आणि जो भांडतो त्यालाही तीच. मुदत संपली की योजना बंद, आणि पुढच्या थकबाकीला पूर्ण व्याज. दर दोन वर्षांनी योजना काढणारी संस्था मात्र सभासदांना थकवायला शिकवते; ते टाळा. व्याज हा वेळेवर भरणाऱ्यांच्या गैरसोयीचा मोबदला आहे, त्यातला काही भाग सोडायचा की नाही हे त्यांनीच मतदानाने ठरवावे, एवढे या मार्गात त्यांना नक्की मिळते. आज त्यांना विचारलेही जात नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा : बोलण्यात वर्ष गेले आणि मुदत संपली तर? सहकार न्यायालयातील दाव्यापुरते बोलायचे तर कलम 92 प्रमाणे सभासदाकडील येण्यासाठी मुदत मोजायची ती तो मरण पावल्यापासून किंवा सभासदत्व संपल्यापासून. तो सभासद आहे तोवर घाई करायचे ते कारण नाही. तरीही बोलण्यांना मर्यादा हवी. दोन बैठका आणि दोन महिने पुरेसे आहेत. तिसरा आक्षेप, 'फ्लॅट विकायला काढेल तेव्हा ना-हरकतीला येईलच, तेव्हा सगळे वसूल करू.' हा खरे तर आळस आहे. तोवर दहा वर्षे जातील, व्याजाचा डोंगर होईल, त्यावर नवा वाद होईल, आणि मधल्या काळात लिफ्ट आम्हीच दुरुस्त करत राहू.

या मार्गालाही मर्यादा आहे, आणि ती पहिल्या बैठकीतच कळते. न भरणारे तीन प्रकारचे असतात. ज्याचा खरोखर वाद आहे तो कागद घेऊन येतो, नोंदीवर बोट ठेवून भांडतो. ज्याची अडचण आहे, नोकरी गेली, घरात आजारपण आले, तो बाकी नाकारत नाही. त्याने मधूनच दोन हजार, पाच हजार असे भरलेलेही असतात. त्याला बारा ऐवजी चोवीस हप्ते द्या. तिसरा मात्र बैठकीला येत नाही, आला तर उतारा वाचत नाही, वाचला तर सही करत नाही, आणि दर वेळी नवे कारण काढतो. स्वच्छ उतारा मिळूनही, मध्यस्थ असूनही, दुरुस्तीची तारीख ठरूनही जो चुकीची एक नोंद दाखवू शकत नाही, त्याच्याशी तिसरी बैठक करू नका. कलम 154 बी-29 खाली अर्ज करा आणि शेवटपर्यंत चालवा. त्या वेळी हाच तीन रकान्यांचा उतारा आणि बैठकांची इतिवृत्ते आपल्या कामी येतील. मात्र तेव्हाही पाणी तोडणे, वीज तोडणे, लिफ्ट अडवणे याच्या वाटेला जाऊ नका. वसुलीच्या कायद्यात तो मार्ग नाही, आणि चार दिवसांच्या समाधानासाठी समितीच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहते. सूचनाफलकावरची नावेही उतरवा. नाव वाचून पैसे भरणारा माणूस त्याआधीच नोटिशीवर भरून मोकळा झालेला असतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिची विषयपत्रिका चौदा पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हाती पडावी लागते. म्हणजे ऑगस्टमध्ये उतारे नव्याने लिहून झाले पाहिजेत. यंदाच्या पत्रिकेवर 'थकबाकीदारांवर कारवाई' या जुन्या विषयाच्या जागी दोन विषय घ्यावेत, ही विनंती : सर्व थकीत खात्यांच्या सरळ व्याजाने केलेल्या फेरहिशेबाला मान्यता, आणि एकदाच लागू होणाऱ्या हप्ते-योजनेच्या अटी. ठरावाचा मसुदा पत्रिकेसोबतच पाठवा, म्हणजे सभेत आम्ही तो वाचून येऊ आणि मत देऊ.



आपला,
एका गृहनिर्माण संस्थेतील, बिल वेळेवर भरणारा सभासद